सेवा शुल्काची वाटणी : स्वयंपाकघर आणि वाढपी, दोघींना कळेल अशी नोटीस



आपल्या कितीतरी गटांनी आता खानावळ, उपाहारगृह, कॅन्टीन असा व्यवसाय धरला आहे. ज्यांनी धरला नाही त्यांच्याही घरातलं कुणीतरी, मुलगा, पुतण्या, भाची, पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या हॉटेलात कामाला आहे. म्हणून या वेळच्या अभ्यासपाठात आपण एकच विषय घेऊ. गिऱ्हाईक खूश होऊन बिलापेक्षा जास्त पैसे देतं, ते कुणाचे? आणि ते कसे वाटले जातात हे कामावरच्या प्रत्येक बाईला समजेल अशी नोटीस कशी लिहायची?

हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. माझ्याकडच्या एका गटाची एसटी स्टँडजवळ खानावळ आहे. सात जणी काम करतात. चौघी आत, म्हणजे स्वयंपाक, भाकरी, चिराचिरी आणि भांडी. तिघी बाहेर, म्हणजे दोघी वाढायला आणि एक गल्ल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत एक मोठं कुटुंब जेवून गेलं. भाकरी इतकी आवडली की जाताना त्यांनी पाचशेची नोट टेबलावर ठेवली. वाढणाऱ्या दोघींनी ती वाटून घेतली, कारण तोवर तशीच रीत होती. भाकरी थापणाऱ्या ताईला हे संध्याकाळी कळलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. दुपारी भाकरी नाही म्हणून दोन टेबलं उठून गेली, आणि मग मला फोन आला.

चूक कुणाची म्हणाल? खरं तर एकीचीही नाही. नियमच नव्हता. नियम कागदावर आला, भिंतीवर लागला, आणि भांडण मिटलं. तो कागद कसा तयार झाला, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी एक गोष्ट पक्की करू : सेवा शुल्क म्हणजे काय?

बिलावर तीन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात. पहिली, जेवणाचे पैसे. ते व्यवसायाचे. दुसरी, जीएसटी. तो सरकारचा. तिसरी, सेवा शुल्क. हा कर नाही, तो सरकारकडे जात नाही. पूर्वी सेवा कर नावाचा एक कर होता, तो 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर संपला. नाव सारखं असल्यामुळे अजूनही पुष्कळ जण सेवा शुल्काला सरकारी कर समजून मुकाट्याने देतात.

आमच्या खानावळीतल्या अध्यक्षताई म्हणाल्या, "मग आपण सरळ बिलातच पाच टक्के लावू. भांडण नको आणि मागायलाही नको." तसं करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सांगितलं आहे की हॉटेलने किंवा उपाहारगृहाने सेवा शुल्क आपणहून बिलात घालायचं नाही. दुसऱ्या कुठल्या नावानेही घालायचं नाही. देणं ऐच्छिक आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. दिलं नाही म्हणून कुणाला आत येऊ द्यायचं नाही, असं करायचं नाही. आणि सेवा शुल्क जेवणाच्या रकमेत मिळवून त्या सगळ्यावर जीएसटीही लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला या सूचना योग्य ठरवल्या. संघटनांनी त्यावर पुढे अपील केलं.

तक्रार करायची तर गिऱ्हाइकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तुम्ही स्वतः कुठे जेवायला गेलात आणि बिलात असा आकडा दिसला, तर तो काढून द्या म्हणायचा हक्क तुम्हालाही आहे.

मग आपण काय केलं? बिल पूर्ण भरून झाल्यावर, गल्ल्याशेजारी एक कुलूपबंद डबा. त्यावर लिहिलं, "सेवा आवडली तर स्वखुशीने. ही रक्कम स्वयंपाकघर आणि वाढपी, सगळ्यांत वाटली जाते." बस. ताई त्याला सेवा शुल्कच म्हणतात, म्हणून मीही या पाठात तोच शब्द वापरते. पण ते स्वखुशीचं आहे, हे लक्षात ठेवा.

माझी चूक : साठ-चाळीस

पहिली नोटीस मी लिहिली आणि ती चुकली. पुण्यात हॉटेलात काम करणाऱ्या माझ्या आतेभावाकडून मी तिथली पद्धत विचारून घेतली होती. तिथे जमलेल्या पैशांचे साठ टक्के बाहेरच्यांना आणि चाळीस टक्के स्वयंपाकघराला मिळायचे. ऐकायला ठीक वाटलं. गिऱ्हाइकाशी बोलतात त्या, म्हणून त्यांना थोडं जास्त. मी तसंच लिहून बैठकीत वाचून दाखवलं.

भांडी घासणाऱ्या मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पोरी, आम्ही आत चौघी, त्या बाहेर तिघी. मग चाळीसचे चार तुकडे आणि साठचे तीनच का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टक्के बघताना मी माणसं मोजलीच नव्हती. स्वयंपाकघरात हात जास्त असतात, त्यामुळे त्यांचा वाटा दोनदा कमी होतो. एकदा टक्क्यात आणि एकदा वाटेकऱ्यांच्या संख्येत. तो किती कमी होतो, ते पुढे प्रत्यक्ष आकड्यांत पाहू.

मग कुणीतरी म्हणालं, सरळ सात सारखे भाग करा. तेही करून पाहिलं. पण वाढणाऱ्या दोघींपैकी एक ताई लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस गेली होती. सव्वीस दिवस राबणारीला आणि अठरा दिवस आलेलीला सारखंच, हे तिला स्वतःलाच पटेना. "मला फुकटचं नको," म्हणाली.

गुणांची पद्धत

शेवटी आम्ही गुणांची पद्धत घेतली. मोठ्या हॉटेलांतही पैसे वाटायला ही पद्धत वापरतात. ती तीन पायऱ्यांत समजते.

पहिली पायरी, कामाला गुण. गुण बाईला द्यायचे नाहीत, कामाला द्यायचे. आम्ही बैठकीत दोनच पातळ्या ठेवल्या. मुख्य स्वयंपाक, भाकरी आणि वाढणं या कामांना दिवसाला 5 गुण. चिराचिरी, भांडी आणि गल्ला यांना दिवसाला 4 गुण. भांड्यांना आधी 3 सुचवले होते. तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताट धुतलं नाही तर वाढाल कशात?" मग 4 झाले. जास्त पातळ्या ठेवू नका. जितक्या पातळ्या तितकी कुरबुर.

गुण कामाला असल्याचा एक मोठा फायदा आहे. भाकरीवाली ताई आजारी पडली आणि चिरणारी ताई तव्यावर बसली, तर त्या दिवशी तिला तव्याचे 5 गुण मिळतात. म्हणून हजेरी वहीत नुसतं "हजर" लिहून चालत नाही. त्या दिवशी कुठलं काम केलं, तेही लिहायचं.

दुसरी पायरी, गुण गुणिले दिवस. अर्धी पाळी केली तर अर्धा दिवस. सगळ्यांची बेरीज केली की महिन्याचे एकूण गुण मिळतात.

तिसरी पायरी, एका गुणाचा भाव. महिन्यात जमलेली रक्कम भागिले एकूण गुण. तो भाव प्रत्येकीच्या गुणांनी गुणला की तिचा वाटा आला.

एक महिना पूर्ण सोडवून पाहू

त्या महिन्यात खानावळ सव्वीस दिवस उघडी होती. डब्यात रोख 4,530 रुपये निघाले आणि मोबाईलवरून आलेले जादा पैसे 3,250 रुपये होते. एकूण 7,780 रुपये.

आता गुण. मुख्य स्वयंपाकाच्या ताई सव्वीस दिवस, दिवसाला 5, म्हणजे 130. भाकरीच्या ताई चोवीस दिवस, म्हणजे 120. चिराचिरीच्या ताई सव्वीस दिवस, दिवसाला 4, म्हणजे 104. भांड्यांच्या मावशी पंचवीस दिवस, म्हणजे 100. स्वयंपाकघराची बेरीज 454.

बाहेर वाढणारी पहिली ताई सव्वीस दिवस, 5 प्रमाणे 130. दुसरी अठरा दिवस, म्हणजे 90. गल्ल्यावरची ताई सव्वीस दिवस, 4 प्रमाणे 104. बाहेरची बेरीज 324.

दोन्ही मिळून 778 गुण. 7,780 भागिले 778, म्हणजे एका गुणाचा भाव 10 रुपये.

आता वाटे आपोआप निघतात. मुख्य स्वयंपाक 1,300 रुपये. भाकरी 1,200. चिराचिरी 1,040. भांडी 1,000. वाढणारी पहिली 1,300, दुसरी 900. गल्ला 1,040. सगळ्यांची बेरीज करून बघा, बरोबर 7,780 येते. ही शेवटची बेरीज कधीही टाळू नका. वाट्यांची बेरीज जमलेल्या रकमेला जुळली नाही, तर कुठेतरी चूक आहे किंवा कुठेतरी पैसा राहिला आहे.

हा भाव 10 रुपये आला तो योगायोग. पुढच्या महिन्यात 6,950 रुपये जमले आणि गुण झाले 790. भाव आला 8 रुपये 79 पैसे आणि पुढे काही. आम्ही पैशापर्यंतच धरतो. 790 गुणांचे 6,944 रुपये 10 पैसे होतात. उरलेले 5 रुपये 90 पैसे पुढच्या महिन्याच्या रकमेत जमा, आणि तसं वहीत लिहायचं.

आता माझी साठ-चाळीसची चूक त्याच पहिल्या महिन्याला लावून बघा. 7,780 चे चाळीस टक्के 3,112 रुपये. ते स्वयंपाकघराच्या 454 गुणांत वाटले तर एका गुणाला 6 रुपये 85 पैसे. साठ टक्के 4,668 रुपये. ते बाहेरच्या 324 गुणांत वाटले तर एका गुणाला 14 रुपये 40 पैसे. म्हणजे मुख्य स्वयंपाकाच्या ताईचे 130 गुण आणि वाढणाऱ्या ताईचे 130 गुण. दोघींचे दिवस सारखे, गुण सारखे. पण आतल्या ताईला साधारण 890 रुपये आणि बाहेरच्या ताईला 1,872. मावशींचा प्रश्न किती बरोबर होता, ते इथे दिसतं. बाहेरच्यांना जास्त द्यायचं असेल तर ते गुणांत उघडपणे द्या, 5 चे 6 करा. टक्क्यांच्या आड लपवू नका.

मोबाईलचे पैसे कुठे हरवतात?

डब्यातली नोट दिसते. क्यूआर कोडवरून आलेले पैसे दिसत नाहीत. बिल 180 रुपयांचं असतं, गिऱ्हाईक 200 पाठवतं आणि म्हणतं, "राहू द्या." ते वीस रुपये थेट गटाच्या खात्यात जातात आणि विक्रीत मिसळतात. वर्षाअखेर नफा थोडा जास्त दिसतो, सगळ्या खूश होतात, पण ते पैसे मुळात काम करणाऱ्या सात जणींचे होते.

ते वेगळे काढायला रोज रात्री दहा मिनिटं लागतात. आमच्या खानावळीतला एक दिवस घ्या. बिलबुकाची बेरीज 6,240 रुपये. त्यातली 120 ची उधारी, म्हणजे त्या दिवशी यायला हवे होते 6,120. गल्ल्यात रोख 4,310 होती. त्यातले सकाळी ठेवलेले सुट्टे 500 वजा केले, उरले 3,810. मोबाईलवर आले 2,460. दोन्ही मिळून 6,270. यायला हवे 6,120, आले 6,270. वरचे 150 रुपये सेवा शुल्काचे. ते त्याच रात्री वहीत "कर्मचाऱ्यांचे देणे" या सदराखाली लिहायचे. गटाच्या उत्पन्नात धरायचे नाहीत.

यात एक अडचण येते. दिवसभरात भाजीवाल्याला, दूधवाल्याला गल्ल्यातून पैसे दिले, किंवा कुणाची जुनी उधारी आली, तर हिशोब जुळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी गल्ल्यात चिठ्ठी टाकायची आणि रात्री ती हिशोबात घ्यायची. रोज थोडे कमीच पडत असतील, तर आधी चिठ्ठ्या तपासा. लगेच गल्ल्यावरच्या ताईकडे बोट दाखवू नका.

कापायचं काय? काहीच नाही

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच विश्वास तुटतो.

काही हॉटेलांच्या नोटिशीत शेवटी एक ओळ बारीक अक्षरात असते, "फूटतूट वजा जाता". कपबशी फुटली, ताट हरवलं, गिऱ्हाईक पैसे न देता गेलं, की ते या रकमेतून कापतात. फुटलेली कपबशी हा व्यवसायाचा खर्च आहे, गॅस आणि तेलासारखाच. गिऱ्हाइकाने शाबासकी म्हणून दिलेल्या पैशांतून तो भरायचा नाही, असं आम्ही ठरवलं. तसंच पगाराचंही. ठरलेला रोज वेगळा आणि हा वाटा वेगळा. "तुला वाटा मिळतोच की, रोज थोडा कमी घे," हे चालणार नाही.

आणि एक कापणी तर आपल्या गटांतच होते. पहिल्या महिन्याला भाकरीवाल्या ताईच्या हातात 1,200 च्या जागी 700 रुपये आले. तिच्या गटाच्या कर्जाचा हप्ता थकला होता, म्हणून कोषाध्यक्षताईंनी 500 तिथेच वळते केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, वसुली चांगली राहावी एवढाच होता. पण ताई मला म्हणाली, "मॅडम, परत पहिल्यासारखंच झालं. माझ्या भाकरीचे पैसे मला न विचारता गेले."

त्या बैठकीत नियम झाला. वाटा पूर्ण हातात द्यायचा, सही घ्यायची. हप्ता, बचत, उसनवारी हे सगळं नंतर, गटाच्या बैठकीत, तिच्या हाताने. दुसऱ्या महिन्यात तिने 1,000 रुपये आपणहून हप्त्याला भरले.

भिंतीवरची नोटीस

शेवटी जी नोटीस लागली ती अशी. तुमच्या कामाप्रमाणे बदलून घ्या. अक्षर मोठं ठेवा आणि लावायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही.

सूचना
खानावळीत काम करणाऱ्या सर्व ताईंसाठी

1. गिऱ्हाईक स्वखुशीने देईल ती सगळी रक्कम एकत्र जमा होईल. टेबलावर, हातात किंवा मोबाईलवर मिळालेले पैसे डब्यात किंवा वहीत आले पाहिजेत. कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत.

2. डबा दर रविवारी रात्री उघडला जाईल. मोजताना स्वयंपाकघरातली एक आणि बाहेरची एक, अशा दोघी हजर असतील. दोघींची सही वहीत होईल. डब्याची किल्ली एकीकडे आणि वही दुसरीकडे राहील.

3. कामाचे रोजचे गुण असे : मुख्य स्वयंपाक 5, भाकरी 5, वाढणे 5, चिराचिरी 4, भांडी 4, गल्ला 4. ज्या दिवशी जे काम केले त्याचे गुण मिळतील. अर्ध्या पाळीला अर्धे गुण.

4. महिन्याची एकूण रक्कम भागिले सगळ्यांचे एकूण गुण, हा एका गुणाचा भाव. स्वयंपाकघर आणि बाहेर, दोन्हीकडे भाव एकच.

5. फूटतूट, न भरलेले बिल, पगार, कर्जाचा हप्ता किंवा बचत यासाठी या रकमेतून काहीही कापले जाणार नाही.

6. पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला वाटप होईल. त्या दिवशी एकूण रक्कम, एकूण गुण, भाव आणि प्रत्येकीचा वाटा असलेला कागद इथेच लावला जाईल.

7. काम सोडून गेलेल्या ताईला तिने भरलेल्या दिवसांचा वाटा त्याच तारखेला मिळेल.

8. हिशोब पटला नाही तर सात दिवसांत सांगावे. वही सगळ्यांना पाहायला खुली आहे. गुण बदलायचे असतील तर सगळ्यांच्या बैठकीतच बदलतील, महिन्याच्या मध्ये बदलणार नाहीत.

सातवा नियम भांड्यांच्या मावशींनी घालायला लावला. त्या आधी एका ठिकाणी महिन्याच्या वीस तारखेपर्यंत काम करून आल्या होत्या आणि त्यांच्या हाती काहीच आलं नव्हतं.

घरातलं कुणी हॉटेलात कामाला असेल तर

त्याला किंवा तिला फोनवर एवढंच विचारा. तुमच्याकडे पैसे एकत्र करतात का, आणि तसं कुठे लिहिलेलं आहे का? महिन्याला एकूण किती जमले, हे सांगतात का? तुझे गुण किती, आणि सगळ्यांचे मिळून किती? काही कापतात का, आणि कशासाठी? बऱ्याचदा त्यांना फक्त स्वतःचा आकडा माहीत असतो. एकूण रक्कम आणि एकूण गुण कळल्याशिवाय तो आकडा बरोबर की चूक, हे कुणालाच ताडून बघता येत नाही. आणखी एक ओळखायची खूण सांगते. कोऱ्या किंवा आकडा न भरलेल्या कागदावर सही मागत असतील, तर हिशोबात काहीतरी लपवायचं आहे असं समजा. आधी आकडा, मग सही.

पुढच्या बैठकीत सोडवायचं उदाहरण

एका कॅन्टीनमध्ये चौघी आहेत. तवा, 5 गुण, 20 दिवस. भांडी, 4 गुण, 25 दिवस. वाढणे, 5 गुण, 26 दिवस. गल्ला, 4 गुण, 25 दिवस. महिन्याला जमले 3,440 रुपये. प्रत्येकीला किती?

आधी स्वतः करा, मग खालचं वाचा.

गुण झाले 100, 100, 130 आणि 100, एकूण 430. भाव 8 रुपये. तव्याच्या ताईला 800, भांड्यांच्या ताईला 800, वाढणाऱ्या ताईला 1,040 आणि गल्ल्यावरच्या ताईला 800. बेरीज 3,440. आता गटात यावर बोला. तव्याच्या ताईचे गुण जास्त असूनही तिला भांड्यांच्या ताईइतकेच का मिळाले? ज्या बाईला हे दुसरीला समजावून सांगता आलं, तिला नोटीस कळली.

आमच्या खानावळीत भाकरीवाल्या ताई नोटीस लागण्याआधीच परत आल्या होत्या, पण दोन महिने वाढणाऱ्या दोघींशी बोलत नव्हत्या. परवा गेले तर दुपारच्या गर्दीत वाढणारी ताई आत डोकावून ओरडत होती, "अगं, चार नंबरवाले अजून दोन भाकऱ्या मागतात, आणि म्हणतात कुणी केल्या ते सांगा!" आतून उत्तर आलं, "सांग की मग! आणि डबा दाखव!"

तुमच्या गटात अशी नोटीस लिहायची असेल तर हजेरी वही आणि मागच्या महिन्याचं बिलबुक काढून ठेवा. पुढच्या भेटीत आपण बसून करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक